अनुमोदक

सोसायटीच्या वार्षिक सभेत बाबा अध्यक्षांच्या खुर्चीतून गच्चीच्या वॉटरप्रूफिंगवर बोलत होते आणि मी अहवालाच्या आड फोन धरून निनादशी गप्पा मारत होते. फोन सायलेंट, व्हायब्रेशनही बंद, कारण लोखंडी खुर्चीवर ते अख्ख्या हॉलला ऐकू जातं. ब्राइटनेस अगदी कमी. मेसेज वाचून लगेच हसायचं नाही, हा आमचा नियम.

"निळा कुर्ता माझ्यासाठी ना?"

"नाही, वॉटरप्रूफिंगसाठी."

पलीकडच्या रांगेत त्याला खोटंखोटं खोकावं लागलं.

तेवढ्यात त्याची आई उशिरा आली आणि नेमकी माझ्या शेजारी बसली. मान खाली घालून बसलेल्या निनादला ते दिसलंच नाही. स्क्रीनवर उमटलं, "तू मला खूप आवडतेस. मी तुला?"

मी घाबरून अहवाल मिटला. त्याला ब्लू टिक दिसली असणार, उत्तर मात्र नाही. त्याचा चेहरा उतरत गेला.

"ठरावाला अनुमोदक कोण?" बाबांनी विचारलं. कुणीच हात वर करेना. त्यांची नजर एकेका खुर्चीवरून माझ्याकडे सरकू लागली.

काकू माझ्या कानाशी वाकल्या. "आधी त्याला उत्तर दे बाई. बघ कसा तोंड पाडून बसलाय. तुझ्या बाबांना मी बघते."

आणि हात उंच करून त्या उभ्याच राहिल्या. "माझं अनुमोदन! पण त्याआधी माझ्या दोन शंका आहेत."

सगळा हॉल त्यांच्याकडे वळला. मी अहवाल उघडून टाइप केलं, "आवडतोस. तुझी आई जरा जास्तच."