पाचशे छत्तीस

"हे कसं काय?" गणिताच्या बाई स्वतःशीच म्हणाल्या आणि चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

दहावीच्या वर्गाच्या पूर्वपरीक्षेचं निकालपत्रक वर्गशिक्षिकेच्या सहीसाठी त्यांच्यासमोर आलं होतं. डॉक्टरांची मुलगी, एकूण पाचशे एकतीस, क्रमांक पहिला. पुढे पाचशे सत्तावीस, दुसरा. पाचशे बावीस, तिसरा. आणि शाळेच्या शिपाई मावशींची मुलगी, एकूण पाचशे छत्तीस, क्रमांक चौथा.

बेरीज आणि क्रमांक एकाच मशीनमधून निघतात, असंच बाई धरून चालल्या होत्या.

क्रमांकाला या वर्षी फार किंमत होती. या परीक्षेत शाळेतून पहिल्या येणाऱ्या एकाच मुलाला शहरातलं निवासी कॉलेज राहण्याजेवण्यासकट ठेवून घेणार होतं. डॉक्टरांची मुलगी कुठेही शिकली असती. मावशींच्या मुलीसाठी मात्र ती जागा, नाहीतर आईच्या हातातला झाडू, एवढंच होतं. हे शाळेत सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त बोलत कुणी नव्हतं.

सही न करताच बाई पत्रक घेऊन मोठ्या बाईंच्या खोलीत गेल्या. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. त्यांनी बोट ठेवून चारही ओळी वाचल्या आणि कारकुनांना हाक मारली.

कारकून आले ते कानामागचं पेन काढतच. निवृत्तीला त्यांचे चार महिने उरले होते.

"गुण शिक्षक आपापले भरतात," ते म्हणाले. "बेरीज कॉम्प्युटर करतो. क्रमांक मात्र मी हाताने टाकतो. सारखे गुण आले की दोघांना एकच क्रमांक द्यायचा आणि पुढचा सोडायचा, ते मी मशीनवर सोडत नाही. गुरुवारी टाकले मी. दोनदा ताडून बघितले. तेव्हा जुळत होते, बाई."

"जुळत होते? मग काय दोन दिवसांत मुलीची बेरीज वाढली?" मोठ्या बाई म्हणाल्या.

गणिताच्या बाई खिडकीबाहेर बघत होत्या.

"हवेत बोलायला नको," मोठ्या बाई म्हणाल्या. "सहाही विषयांच्या गुणयाद्या आणा. हातच्या."

शिक्षकांनी पेपर तपासताना हाताने लिहिलेल्या याद्या टेबलावर आल्या. काही चुरगळलेल्या, एकीवर चहाचा गोल डाग. गणिताची यादी स्वच्छ, एकही खाडाखोड नसलेली. मोठ्या बाई यादीतला आकडा वाचायच्या, कारकून पत्रकावरच्या आकड्यावर टिंब द्यायचे आणि गणिताच्या बाई कोऱ्या कागदावर बेरीज करायच्या.

"एक्क्याण्णव. अठ्ठ्याऐंशी. ब्याण्णव. गणित शहाऐंशी." मोठ्या बाई थांबल्या. "गणिताच्या दिवशीच ना आई चक्कर येऊन पडली होती?"

"हो. तिला दवाखान्यात पोचवून पोरगी तासभर उशिरा आली," गणिताच्या बाई म्हणाल्या.

"आणि तरी शहाऐंशी! शाबास. पुढे, नव्वद. एकोणनव्वद."

"पाचशे छत्तीस," बाई म्हणाल्या.

कारकुनांनी कॅल्क्युलेटरवर पुन्हा केली. पाचशे छत्तीसच. चौघींच्याही बेरजा बरोबर निघाल्या. म्हणजे चुकले होते ते क्रमांकच.

मोठ्या बाईंनी लाल शाईने चार आकडे खोडले, नवे लिहिले, प्रत्येकापुढे सही केली. "आता डॉक्टर माझ्यावर तोंड टाकतील. टाकू देत. पण तुमचा लेखी खुलासा लागेल," त्या कारकुनांना म्हणाल्या. "माझा नाइलाज आहे."

"चौतीस वर्षांतला पहिला," कारकून म्हणाले. आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "माझी नजर आता राहिली नाही, असंच लिहितो."

गणिताच्या बाईंना त्यांच्याकडे बघवेना. या माणसाने त्यांचं पहिल्या महिन्याचं पगारपत्रक लिहिलं होतं, त्यांच्या लेकीच्या शाळाप्रवेशासाठी तो स्वतः रांगेत उभा राहिला होता. फार वाईट वाटलं त्यांना.

"चूक कुणाचीही होते, भाऊ," त्या कशाबशा म्हणाल्या.

"पहिल्या आलेल्या मुलीचे सहाही पेपर अर्जासोबत जातात," मोठ्या बाईंनी आठवण करून दिली. "कॉलेज ते तपासून घेतं. सोमवारी माझ्या टेबलावर हवेत."

बातमी मधल्या सुट्टीआधीच फुटली. मावशी बादली तशीच जिन्यात ठेवून आल्या आणि दारातच रडायला लागल्या.

"पोरगी तर म्हणत होती, आई, गणितात माझी वाट लागली. तीन गणितं राहिली म्हणून आठ दिवस धड जेवली नाही बघा."

"मुलांना अंदाज येत नाही," बाई म्हणाल्या. "तिला म्हणावं, पोटभर जेव. आणि पेपरचं आता कुणापाशी बोलायचं नाही. ते संपलं."

"तुम्ही बघितलं म्हणून, बाई. नाहीतर गेली होती जागा. तुमच्या रूपाने देवच भेटला."

बाईंनी त्यांचे जोडलेले हात खाली केले.

शनिवारची अर्धी शाळा सुटली. वर्ग रिकामे झाले, कारकून खुलाशाचा कागद देऊन नेहमीसारखे सगळ्यांना सांगून निघून गेले. गणिताच्या बाईंनी आपलं कपाट उघडलं, पेपरांचा गठ्ठा सोडला आणि मावशींच्या मुलीचा पेपर बाहेर काढला. मुखपृष्ठावर त्यांच्याच लाल शाईत गुण होते, अडुसष्ट. गुरुवारपर्यंत यादीत आणि कॉम्प्युटरवरही तेवढेच होते. सहा-सहा गुणांच्या शेवटच्या तीन गणितांखालची पानं कोरी होती.

बाईंनी दार लोटून घेतलं, निळं पेन उघडलं आणि पोरीच्या वळणाचं अक्षर काढत पहिलं गणित सोडवायला घेतलं.