रवी-चंद्राच्या मधोमध

पडद्यावर पत्रिका लागली आणि त्याच वेळी मागचं दार ढकलून ताई वर्गात आली. मॅडमनी आधी दाराकडे, मग पडद्याकडे पाहिलं. पत्रिका ताईचीच होती.

नाव अर्थात झाकलेलं होतं. ताई काम करायची ते चष्म्याचं दुकान लवकर बंद झालं म्हणून ती बहिणीला, म्हणजे मॅडमना, घरी न्यायला आली होती. एरवी ती या वर्गाकडे कधी फिरकत नसे. ती शेवटच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली. पत्रिकेतलं तिला ओ की ठो कळत नाही, हे मॅडमना ठाऊक होतं. तेवढ्याच भरवशावर त्यांनी पुढे शिकवायचं ठरवलं.

“रवी मीनेत वीस अंशांवर, चंद्र वृषभेत दहा अंशांवर. मेषेच्या आरंभापासून मोजलं तर तीनशे पन्नास आणि चाळीस. काढा मध्यबिंदू.”

बँकेतून निवृत्त झालेल्या काकांनी बेरीज करून तिचं निम्मं केलं. “एकशे पंचाण्णव. म्हणजे तूळ, पंधरा.”

“लांबच्या वाटेनं गेलात, काका. मीनेपाशी वर्तुळ संपत नाही, पुढे मेष लागते. जवळच्या वाटेनं दोघांत अंतर पन्नास अंशांचं. त्याचं निम्मं पंचवीस, ते रवीत मिळवा. मेष, पंधरा. तुमची तूळ अगदी समोरचं टोक. अक्ष एकच, त्यामुळे तेही धरतात. पण मोजायचा तो जवळचा.”

काकांनी खोडून पुन्हा लिहिलं.

“आता या अक्षावर कोण बसलंय? शनी. कर्केत, साडेपंधरा अंशांवर. मेषेतल्या बिंदूशीही काटकोन, तुळेतल्याशीही. युती असो, समोरासमोर असो, काटकोन, अर्धा काटकोन किंवा दीड काटकोन, या पद्धतीत ग्रह मध्यबिंदूवरच आहे असं मानायचं. फरक एक-दीड अंशापेक्षा जास्त नको. इथे तर अर्धाच आहे.”

इथपर्यंत ठीक होतं.

“रवी म्हणजे आपली इच्छा, चंद्र म्हणजे आपलं मन. वडील आणि आई, नवरा आणि बायको. या दोघांचा सांधा जिथे बसतो, ती माणसाची सही. तिथे शुक्र असला तर माणूस जीव लावतो आणि लावून घेतो. आणि शनी असला तर...”

या जागी मॅडमचं एक ठरलेलं वाक्य होतं. दर वर्षी ते वर्गाला आवडायचं. आज ते गिळून टाकता आलं असतं. पण सगळे वाट बघत होते, आणि सवयीनं जीभ पुढे गेलीच.

“तर घरात चूल पेटते, पण ऊब लागत नाही. या बाईचं लग्न दोन वर्षं टिकलं. जवळ आलेलं माणूस गारठून पळून जातं.”

“सुटला बिचारा!” काका म्हणाले, आणि वर्ग खो-खो हसला. मॅडमही थोडं हसल्या. मागे ताईसुद्धा हसत होती. सगळे हसले म्हणून.

ते बघून मॅडमना स्वतःची शिसारी आली. त्यांनी घाईनं विचारलं, “काही शंका?”

पुढच्या महिन्यात लग्न ठरलेल्या मुलीनं हात वर केला. “मॅडम, जन्मवेळच थोडी चुकीची असली तर?”

“चंद्र तासाला साधारण अर्धा अंश सरकतो. रवी त्या मानानं नाहीच. म्हणून मध्यबिंदू तासाला पाव अंश. पाच-दहा मिनिटांनी सहीला काही होत नाही. अगदी जुळ्यांचीसुद्धा...”

त्या थांबल्या. पण शब्द तोंडातून गेला होता.

ताईनं चष्मा लावला आणि पहिल्यांदाच पडदा नीट वाचला. नाव झाकलं होतं, कोपऱ्यातली जन्मतारीख झाकायची राहिली होती. दोघी जुळ्या, पण चेहरे असे वेगळे की सख्ख्या आहेत हेसुद्धा लोकांना पटत नसे. ताई दहा मिनिटांनी मोठी, आणि त्या दहा मिनिटांच्या जोरावर जन्मभर ताई.

“म्हणजे या बाईला जुळी बहीण असली,” काका म्हणाले, “तर तिचीही हीच गत?”

‘तसं सांगता येत नाही’ म्हटलं असतं तर वर्ग सुटला असता. ताईकडून तर एक शब्दही निघणार नव्हता. ती मान खाली घालून पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत बसली होती, जणू चोरी तिचीच पकडली गेली होती. मॅडमना ते सोसवेना. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं.

“आहे,” त्या म्हणाल्या. “जुळी बहीण आहे तिला. तिचं लग्नच झालं नाही. दोनदा जमलं, दोन्ही वेळा तिनंच मोडलं. ती ताईच्या घरात राहते, ताईच्या हातचं जेवते. आणि वर्गात ताईची पत्रिका लावते, नाव झाकून. स्वतःची लावायची तिला लाज वाटते.”

काकांनी मागे वळून पाहिलं, मग पुढे पाहिलं, आणि हातातलं पेन खाली ठेवलं. लग्न ठरलेली मुलगी खाली बघू लागली. ताई उठून उभी राहिली होती. तिनं पिशवी खांद्याला अडकवली.

“तुझी वेगळी कुठं आहे गं?” ती म्हणाली.