दोन तास उशिरा

१९४८ साली खाडीकाठचं ते छोटं संस्थान एका सकाळीत कोसळलं. 'मागण्या मान्य, गोळी चालवू नका' ही मोर्चा अडवणाऱ्या फौजदारासाठी आलेली राजाची तार हरेश्वर तारमास्तरांच्या टेबलावर दोन तास पडून राहिली होती. मास्तर कादंबरीत रमले होते.

बारा वर्षांनी वाचनालयात त्यांनी मान खाली घालून भाषण वाचलं. "इंग्रजांचा आधार तुटला होता. गिरण्यांतून परतलेली माणसं शेतसारा द्यायला तयार नव्हती. शेजारच्या राजाने मागण्या वेळेवर मानल्या, तरी त्याचंही राज्य त्याच महिन्यात गेलं. तारेमुळे फार तर दिवस ठरला."

ठमाबाई उठली. तिचा मुलगा त्या सकाळच्या गोळीबारात गेला होता.



"राज्य जानारच व्हतं, मास्तर, पटलं. माझा मोरू पन जानारच व्हता काय?"