वाटीभर मोहन

नवरा गेल्यावर पोरांसाठी शैलाने चकल्या विकायला काढल्या. शेजारच्या दमयंतीकाकूंनी नुसतं चाखण्यातच अर्धा पुडा संपवला नि म्हणाल्या, "बघू हं पुढे."

एकदा भाजणीत तेलाचं मोहन कमी पडलं, चकल्या कडक झाल्या. शैलाने दारोदार जाऊन पुडे बदलून दिले. तेव्हापासून गिऱ्हाइकं आगाऊ सांगून ठेवू लागली.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला काकूंनीही शंभर मागवल्या. "बायका यायच्या आत आण. नि थांबू नकोस हो, विधवेनं थांबलेलं बरं दिसत नाही."

बायकांना मात्र सांगितलं, "घरीच केल्या!"

"मोहन किती?" एकीने विचारलं.

"वाटीभर भाजणीला वाटीभर तेल."

बायका खो खो हसल्या. एवढ्या मोहनाने चकली कढईतच विरघळते.

मोहन विचारणारी शैलाचंच जुनं गिऱ्हाईक होती. ती म्हणाली, "पहिलं कुंकू शैलाला बोलावून तिला लावा, काकू. चकल्या तिच्याच आहेत."