तेरा दिवसांचं अंतर

नवरा दूर रुवैस गावच्या रिफायनरीत कामाला, त्यामुळे शारजाच्या फ्लॅटमध्ये मृणालिनी एकटीच असायची. पंचवीस डिसेंबरला ती केक घेऊन शेजारच्या रशियन वेराआंटींकडे गेली. घरात सणाची काहीच गडबड नव्हती.

"माझा उपास आहे गं, अंडं-दूध चालत नाही," आंटी मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाल्या. "आमचं चर्च अजून जुन्या ज्युलियन कॅलेंडरवर चालतं. त्यातलं वर्ष सूर्याच्या वर्षापेक्षा अकरा मिनिटांनी मोठं. तुमचं कॅलेंडर अधूनमधून एखादं लीप इयर गाळून ते सावरून घेतं, आमचं गाळत नाही. ती मिनिटं शतकानुशतकं साठली आणि आम्ही तेरा दिवस मागे पडलो. चर्चमध्ये आज बारा डिसेंबर आहे. आमचा पंचवीस उजाडेल तुमच्या सात जानेवारीला. तेव्हा ये जेवायला."

इतक्यात कॅनडाहून त्यांच्या मुलाचा फोन आला. त्यानं मेरी ख्रिसमस म्हटलं. आंटीही हसून तेच म्हणाल्या.

सात जानेवारीला मृणालिनी ऑफिसातून थेट त्यांच्याकडे गेली. टेबलावर दोनच ताटं मांडलेली होती.

"आज मुलाचा फोन आला असेल ना?"

"नाही. लग्न झाल्यापासून तो बायकोच्या चर्चमध्ये जातो. त्याचा सण झाला."

"मग त्याला सांगायचं ना, आईचा ख्रिसमस आज असतो म्हणून."

आंटी सूप वाढत राहिल्या.

"वर्षातून एकदाच फोन करतो गं," त्या म्हणाल्या. "तारीख चुकली म्हणून सांगितलं, तर तेवढाही करायचा नाही."