समासातलं गूळपीठ

जुन्या पुस्तकांच्या दुकानात येणारी माणसं दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या डोक्यात जायची. कुणी थुंकी लावून पानं उलटतंय, कुणी उभ्या उभ्या फुकटात कादंबरी संपवतंय! पुस्तक आधी डोळे मिटून हुंगावं आणि मगच उघडावं, एवढी रसिकता होती ती फक्त बाईंकडे.

आणि फार तर त्या अनोळखी गृहस्थाकडे. खालच्या कप्प्यातल्या, कुणी ढुंकूनही न बघणाऱ्या एका रहस्यकथेत दोघांचं गूळपीठ जमलं होतं. डावा समास बाईंचा, उजवा त्याचा; मालकाला दिसू नये म्हणून पेन्सिल अगदी पुसट. उत्तर लिहिलं की पुस्तक उलटं ठेवायचं, ही खूण.

"तुमचं अक्षर दिसलं की खुनी कोण, याची फिकीरच उरत नाही," तो लिहायचा. बाई गालातल्या गालात हसायच्या आणि बदल्यात इतर गिऱ्हाइकांची यथेच्छ टिंगल लिहायच्या.

आज पुस्तक उलटं होतं.

"एक नमुना राहिलाच की! ती पुस्तकं हुंगणारी, नाक मुरडत फिरणारी बया. पाहिलीत का?"

बाईंचे कान तापले. 

मग त्यांनी पेन्सिल काढली, "पाहिली तर! अगदी डोक्यात जाते," असं लिहिलं आणि पुस्तक उलटं ठेवलं.