ओल्या बाभळीचा आडदांडा

“मावशी, मोगरी हळू घाला. खांब फुटंल,” नसीर म्हणाला.

धोंडाबाईने लाकडी हातोड्याचा हात आवरला. तिचा नवरा भिमाजी सुतार चार महिन्यांपूर्वी वारला, तेव्हा पाळण्याची डोक्याकडची चौकट पुरी झाली होती; पायथ्याकडचे दोन सागवानी खांब आणि त्यांना जोडणारा बाभळीचा आडदांडा मात्र सुटेच राहिले होते. दांड्याच्या टोकाला भोकात बसण्यासाठी काढलेले कुसू तेव्हा खांबाच्या भोकात मावत नव्हते. आज ते निम्मे सहज आत गेले.

“तासलंस व्हय रे?” तिने विचारले.

“न्हाई. आत्ता तासतो.” शेजारच्या इब्राहिमचा मुलगा नसीर दोन वर्षे भिमाजीच्या हाताखाली करवतीचे दुसरे टोक धरीत आला होता. त्याने पटाशी आडवी धरून कुसवाच्या दोन्ही अंगांवरून केसाएवढी साल काढली आणि मोगरीचे तीन ठोके दिले. कुसू मुळापर्यंत घट्ट बसले; फटीत नखही शिरेना.

“बाभळ वली व्हती, मावशी. भिमाजी आबा म्हनले, जाड ऱ्हाऊ दे, सुकली की बसंल. आत्ताच बरोब्बर कापलं तर मागनं ढिलं पडंल, पोर खाली यील.”

धोंडाबाईने गिरमिट उचलून त्याच्या हाती दिले. खांब आणि कुसू यांतून आरपार भोक पाडून त्यात बांबूची खुंटी ठोकायची, एवढेच उरले होते.

तेवढ्यात बेडसे गावचा रखमाजी दारी आला. उद्या त्याच्या नातीचे बारसे होते; पाळणा तिच्यासाठीच होता. त्याने चौकट हलवून पाहिली, सांध्यावरून अंगठा फिरवला आणि मान डोलावली.

“झ्याक बसवलात, वयनी. भिमाजीचं माप चुकलं व्हतं, ते तुमी सुधरलंत. तुमीच म्हनला व्हता न्हवं का, कुसू बसंना त्या दिवशी, माज्याम्होरं, की ह्यांचा हात गेला, डोळं गेलं, आता ह्यांच्याच्यानं खुट्टाबी व्हायचा न्हाई? म्हनून तर मी घराचं दार वडगावच्या सुताराला दिलं.”

नसीरने मान खाली घातली. गिरमिट त्याच्या हातात तसेच राहिले.

धोंडाबाईने पदराने तोंड पुसले. मग ती खाली वाकली, पडलेल्या दोन पातळ साली वेचून तिने रखमाजीच्या तळहातावर ठेवल्या.

“ह्येवढंच तासलंय. माप बरोबर व्हतं. लाकूड वलं व्हतं, म्हनून ह्यांनी जाणून जाड ठिवलं व्हतं.”

रखमाजीने त्या साली बोटाने उलटून पाहिल्या.

“मग त्या दिवशी भिमाजी बोलला का न्हाई?”

“त्या दिवशी मीच बोलत व्हते,” धोंडाबाई म्हणाली.